नेसरीचा परिच्छेद

सम्राटचा अर्ज आला तेव्हा क्रांती जेवणाचा डबा उघडत होती. मोबाइलवर नाव दिसलं आणि तिनं डबा तसाच बंद केला.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती मनुष्यबळ अधिकारी होती. शेतकऱ्यांसाठी सोप्या मराठीत माहितीपुस्तिका, पत्रकं आणि व्हिडिओ तयार करणारा माणूस कंपनीला कायमचा हवा होता. म्हणूनच अर्जाबरोबर मराठीत कव्हर लेटर मागवलं होतं. आलेली बहुतेक पत्रं इंटरनेटवरून उचललेली होती. सम्राटचं मात्र त्यानं स्वतः लिहिलेलं होतं, आणि चांगलं होतं.

त्यानं लिहिलं होतं, 'पाच वर्षं मी स्वतंत्रपणे काम करतो. माझ्या ग्राहकांची यादी पाहिली तर मी इकडून तिकडं उड्या मारत होतो असं वाटेल. गुळाचे व्यापारी, डोळ्यांचा दवाखाना, पन्हाळ्यावरची निवासगृहं, बिद्रीकडची एक पतसंस्था. पण काम प्रत्येक ठिकाणी एकच होतं. ज्याला विषय माहीत आहे त्याचं ऐकायचं, ज्याला माहीत नाही त्याच्या भाषेत ते मांडायचं आणि ठरल्या तारखेला हातात द्यायचं. यातले तीन ग्राहक पहिल्या वर्षापासून आजतागायत माझ्याकडे आहेत.' मग पूर्णवेळ नोकरी का हवी, तेही सरळ सांगितलं होतं. स्वतंत्र माणसाचं काम छापखान्यात गेलं की संपतं, लोकांनी ते वापरलं का हे बघायला तो थांबू शकत नाही. त्याला आता थांबायचं होतं.

शेवटून दुसरा परिच्छेद नेसरीचा होता. 'स्वतंत्र काम सुरू करण्याआधी नेसरीच्या गोठ्यांमध्ये महिलांसोबत बसून मी स्वच्छ दुधाची सचित्र पुस्तिका तयार केली. ती आजही दूध संस्थांत वापरली जाते.'

क्रांतीनं तो परिच्छेद पुन्हा वाचला. गोठ्यांत ती बसली होती. शाहूपुरीतल्या एका जाहिरात संस्थेत दोघं एकत्र कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. पहाटेच्या एसटीनं नेसरीला जायचं, बायका धारा काढताना बघायचं, चित्रं काढून त्यांना दाखवायची, त्या हसल्या की खोडायची, असं करत तिनं ती पुस्तिका उभी केली होती. सादरीकरणाच्या दिवशी तिच्या वडिलांना अतिदक्षता विभागात हलवलं. सम्राट म्हणाला, तू जा, मी बघतो. त्यानं बघितलं. पुस्तिका त्याच्या नावावर गेली, विभागाचा प्रमुख तो झाला. पुढं माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिलं नाव क्रांतीचं निघालं, आणि यादी सम्राटनं केली होती. वडील गेले होते, भांडायला अंगात बळ नव्हतं. तिनं मनुष्यबळाचा अभ्यासक्रम केला आणि पुन्हा कधी चित्र काढलं नाही.

अर्ज बाजूला टाकणं सोपं होतं. तिला ते पुरणार नव्हतं.

ती संचालक ऋषभ चौगुलेंकडे गेली. या माणसाबरोबर मी पूर्वी काम केलंय, असं तिनं सांगितलं. तेवढंच सांगितलं. मग सम्राटनं दिलेल्या संदर्भांना एकेक करून फोन लावले. त्याच्याबद्दल काहीतरी वाईट ऐकायला मिळेल, अशी तिला मनापासून आशा होती. गुळाचे व्यापारी नेमगोंडा म्हणाले, पोरगं वेळेचं पक्कं हाय, कधी फिरवलं न्हाय. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, त्याच्या पत्रकामुळं म्हातारी माणसं घाबरायची थांबली. पतसंस्थेच्या व्यवस्थापकानं तर उलट विचारलं, त्याला तुम्ही नेलंत तर आमचं कोण करणार? प्रत्येक फोननंतर क्रांतीचा राग वाढत गेला. पत्र खरं होतं. एक परिच्छेद सोडून सगळं खरं होतं.

मुलाखतीचं बोलावणं कंपनीच्या सामाईक ईमेलवरून गेलं, खाली तिचं नाव नव्हतं. सम्राट दालनात शिरला, समोर क्रांतीला बघून थबकला. क्रांती हसली आणि म्हणाली, "बसा."

त्या हसण्यानं त्याला धीर आला असावा. तो छान बोलला. यंत्राची जुनी माहितीपुस्तिका त्यानं वाचून आणली होती. धुण्याची सूचना शेवटच्या पानावर आहे आणि खरं तर ती पहिल्या पानावर हवी, असं त्यानं दाखवून दिलं. चौगुले खूश झाले.

मग क्रांतीनं पत्र पुढं ओढलं. "नेसरीचं काम तुम्ही एकट्यानं केलं?"

मागं फिरायचा रस्ता तिनं त्याला इथं दिला होता, आणि तो घेऊ नये अशी तिची इच्छा होती. चौगुले पेन हातात धरून ऐकत होते.

"हो," सम्राट म्हणाला.

"पुस्तिकेतल्या चित्रात बाईच्या हातात बांगड्या का नाहीत?"

तो म्हणाला, चित्र साधं ठेवायचं होतं, छपाईत बारीक रेषा बिघडतात. उत्तर वाईट नव्हतं. चौगुलेंनी मानही हलवली. तिथं अजून कुणाला विचारता येईल का, असं क्रांतीनं विचारलं. तो म्हणाला, फार वर्षं झाली, आता कुणाशी संपर्क नाही.

"माझा आहे," ती म्हणाली. तिनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

पलीकडून शालूबाईंचा खणखणीत आवाज आला. ज्यांच्या गोठ्यात क्रांती बसायची त्या ह्या. क्रांतीनं सांगितलं, साहेब पण ऐकतायत, आणि विचारलं, दुधाच्या पुस्तकासाठी तुमच्याकडं कोण आलं होतं?

"आता कोण म्हंजे? तूच की. चित्रातल्या बाईच्या बांगड्या काढून टाक म्हणून मीच सांगितलंतं तुला. काच फुटून दुधात पडती."

"सम्राट नावाचं कुणी आलं होतं?"

"न्हाय बा. बापई माणूस कुणी आलं न्हाय गोठ्यात."

क्रांतीनं आभार मानून फोन बंद केला. चौगुलेंनी पेनाला टोपण लावलं आणि सम्राटला म्हणाले, तुम्ही निघालात तरी चालेल.

तो गेल्यावर त्यांनी क्रांतीला थांबवलं. पत्र आलं त्याच दिवशी हे तुम्हाला माहीत होतं ना, असं विचारलं. ती हो म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बोलावलंच नसतं."

चौगुलेंनी पत्र घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, त्याचं खोटं पकडलंत ते बरोबर केलंत. पण माझ्या दालनाचा असा वापर पुन्हा करू नका. तिनं मान खाली घातली, पण तिला वाईट वाटलं नव्हतं.

सम्राट फाटकाजवळ मोटारसायकलवर बसून होता, गाडी सुरू न करता. क्रांती मुद्दाम तिथवर चालत गेली.

"ह्यासाठी बोलावलंतंस मला?" तो म्हणाला.

"व्हय."

"बाकीचं सगळं खरं होतं, क्रांती."

"माहीत हाय. सगळ्यांना फोन केलेत मी. एकानंही तुला नावं ठेवली न्हाईत."

त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आशेसारखं काहीतरी आलं, आणि ते यावं म्हणूनच ती तसं बोलली होती.

"ते नेसरीचं लिहिलं नसतंस," ती म्हणाली, "तर नोकरी तुलाच होती. साहेबांच्या मनात तू पहिल्या दहा मिनिटांत भरलातास."

त्यानं हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. गाडी हायवेला लागेपर्यंत ती बघत उभी राहिली. मग आत आली, डबा उघडला आणि पोटभर जेवली.