बुधवारच्या तासाची शिल्लक

कुवाबारा सरांच्या बुधवारच्या तासाची मी वाट लावली, असं मला शुक्रवारपर्यंत शंभर टक्के वाटत होतं.

सर विद्यापीठातून आमच्या शाळेत शिकवण्याच्या तीन आठवड्यांच्या सरावाला आले होते. याच शाळेत शिकलेले, म्हणून त्यांना जिन्याची प्रत्येक पायरी पाठ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "कळलं नाही तर हात वर करा. मला राग येणार नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि शेवटच्या आठवड्यातल्या त्या बुधवारपर्यंत कुणी हात वर केला नाही. कळलं नाही असं सांगायचं म्हणजे पस्तीस जणांना थांबवून धरायचं. तेवढा उद्धटपणा आमच्यात कुणाकडे होता?

बुधवारी त्यांचा परीक्षणाचा तास होता. मागच्या भिंतीला लागून मुख्याध्यापक, विद्यापीठाचे प्राध्यापक आणि आमच्या वर्गशिक्षिका इसोगाई मॅडम उभे होते. प्रत्येकाच्या हातात सरांच्या पाठाची छापील योजना. फळ्यावर दोन समीकरणं. सर म्हणाले, "आता वरच्यातून खालचं वजा करू."

आणि माझा हात वर गेला. खरंच सांगते, मी विचार करायच्या आत.

"सर, मला कळलं नाही. अख्खी ओळ अख्ख्या ओळीतून वजा करायची परवानगी कोणी दिली?"

शेजारची चिनात्सु पुटपुटली, "मिनोरी, आज? आजच?"

 सरांनी योजना टेबलावर ठेवली आणि फळ्यावर तराजू काढला. दोन्ही पारडी सारखी आहेत, तर दोन्हीकडून सारखंच वजन काढलं तरी तराजू हलणार नाही. मला कळलं! पण घंटा झाली आणि शेवटचा सारांश फळ्यावर आलाच नाही.

संध्याकाळी वर्गाची नोंदवही द्यायला मी शिक्षक खोलीपाशी गेले, तेव्हा तासावरची चर्चा चालू होती. दारातून इसोगाई मॅडमचा आवाज आला, "योजना कोसळली. सारांशाशिवाय तास म्हणजे छपराशिवाय घर." आणि त्यानंतर सरांचा, अगदी हळू: "जुलैमधल्या शिक्षक भरतीच्या परीक्षेला बसावं की नाही, तेच आता कळत नाहीये."

मी नोंदवही दाराशी ठेवून पळाले. म्हणजे माझ्या एका हातामुळे एक माणूस शिक्षक व्हायचं सोडणार होता!

शुक्रवारी शेवटच्या तासाला निरोप. सकाळी सरांचा शिक्षक खोलीत वाकून नमस्कार करून झाला होता, आता आमची पाळी. सर कोट घालून फळ्यासमोर उभे राहिले. इसोगाई मॅडम मागे, हाताची घडी घालून.

निरोपाच्या भाषणाचा क्रम ठरलेला असतो. आधी शाळेचे आभार, मग मार्गदर्शकांचे, शेवटी मुलांचे. सरांनी मुख्याध्यापकांचे आभार मानले. मग खिशातून एक वही काढली. सरावाची वही: रोज घडलेलं त्यांनी लिहायचं आणि खाली मॅडमनी लाल शाईत अभिप्राय द्यायचा.

"इसोगाई मॅडमनी मला रोज अर्धं पान लाल करून दिलं," सर म्हणाले. आम्ही हसलो. "बुधवारचं पान आज सकाळी परत आलं. तेवढं वाचतो."

"कुवाबारा सर," मागून मॅडमचा आवाज, "वही खासगी असते."

"माफ करा मॅडम, आज ऐकत नाही." आणि त्यांनी वाचलं: "'तास फसला, हे चर्चेत बोललेच आहे. पण मुख्याध्यापकांसमोर एक मुलगी "कळलं नाही" म्हणाली. असं म्हणता येईल असा वर्ग घडवायला मला अकरा वर्षं लागली. तुम्हाला तीन आठवडे.'"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले.

"हान्झावा," सर माझ्याकडे बघून, आडनावाने हाक मारत म्हणाले, "मी बुधवारी ठरवलं होतं की परीक्षेचा अर्ज मागे घ्यायचा. आज सकाळी हे वाचलं आणि विचार बदलला. मी बसणार आहे. तुमचे सगळ्यांचे आभार, आणि तुझे जरा जास्त." मग ते वाकले, इतके की केस टेबलाला लागले.

टाळ्या पडल्या. चिनात्सु चक्क रडत होती. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहिलेला पुठ्ठा तिनेच सरांना दिला, उलटा.

मॅडम पुढे आल्या. डोळे कोरडे, आवाज नेहमीचा. "ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत परीक्षकांसमोर नमुन्याचा तास घ्यावा लागतो. लेखी पास झालात तर दर शनिवारी इथे या. मी मुलांच्या जागी बसेन."

"मॅडम, मी पण येते!" मी उभीच राहिले.

"तू कशाला?"

"तुम्हाला सगळं आधीच येतं. सरांना अडवायला कुणीतरी खरंखुरं नको का?"

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "ये. पण सोप्यावर अडवायचं नाही."

सर घाईघाईने म्हणाले, "सोप्यावरसुद्धा चालेल!"