दोन गुडघ्यांचे पैसे

सुंदररावांनी साखर कारखान्यात तीस वर्षं क्लार्की केली, पण नातवाला पत्र लिहायला आज त्यांनी तीन कागद वाया घालवले. सत्यमचा सकाळीच पुण्याहून फोन आलता. "आबा, दोन लाख चाळीस हजार टाकलेत. व्याजासकट! पावती लिहून पाठवा, तुमच्या क्लार्की पद्धतीनं." पोरगं किती खुशीत होतं!

२०१९ साली त्याला टेम्पो घ्यायचा होता. बायकोच्या, केशरबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेले दोन लाख तेव्हा म्हाताऱ्यानं उचलून दिले. पाच वर्षांनी परत, वर्षाला चार टक्के सरळ व्याज. भावही तेवढेच वाढतील, असं धरून ते व्याज त्यांनीच ठरवलं होतं. आणि काल दवाखान्यात गेले, तर दोन्ही गुडघ्यांचे तीन लाख दहा हजार सांगितले. आता बोला!

चौथ्या कागदावर त्यांनी लिहिलं:

"चि. सत्यम, जयभीम. पैसे पोचले. एक समजून घे. माझी पेन्शन बावीसशे. आमच्या पेन्शनीला सरकारी नोकरांसारखा महागाई भत्ता नाही. २००९ साली रिटायर झालो तेव्हा तिच्यात महिन्याचा किराणा अन् आजीच्या गोळ्या भागायच्या. आता नुसत्या गोळ्या भागतात. आकडा तोच, पिशवी रिकामी.

तुझं उलटं झालं. टेम्पोचं भाडं महागाईबरोबर वाढलं, मला द्यायचं ते ठरलं तेवढंच राहिलं. तेवढ्याच पैशाला आता तुला खेपा कमी माराव्या लागल्या. आपण चार टक्के धरले, महागाई त्याच्या पुढं पळाली. आधी कळलं असतं तर मी व्याज जास्त लावलं असतं. मधला फरक माझ्या खिशातून तुझ्या खिशात गेला. यात तुझी लबाडी काहीच नाही. पण"

इथं पेन थांबला. पुढं 'सत्तर हजार आणखी पाठव' एवढंच लिहायचं होतं. हात उठेना. ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नव्हता कधी कुणाला, आणि आता नातवाला मागायचा? स्वतःचाच राग आला त्यांना.

केशरबाई भिंतीला धरून धरून बाहेर आल्या. लिहिता लिहिता पुटपुटायची नवऱ्याची सवय. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं.

"मागू नका. त्याच्या घरात लेकरू आलंय."

"अगं, तीन लाख दहा हजार लागतेत. कुठून आणू?"

"आन् एकाचे?"

"एक लाख साठ."

"मग बसतंय की." त्या हळूच खाटेवर टेकल्या.

सुंदररावांनी चौथा कागदही चुरगाळला. पाचव्यावर लिहिलं: 'दोन लाख चाळीस हजार रुपये पूर्ण पावले. काही येणं बाकी नाही.' खाली सही केली, तारीख घातली. डोळे पुसायला चष्मा काढला.

केशरबाई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

"आवं," त्यांनी विचारलं, "डावा करायचा का उजवा?"