खोकल्याचा नियम

रनाळ्यातल्या माझ्या बहिणीनं, शोभाबाईनं, निरोप धाडला होता: कापसाची वेचणी संपली की माझ्याकडे राहायला ये. मी जाणारच होतो. कोरीटच्या आमच्या घरात मला कुणी वाईट वागवलं असं नाही. मी फक्त खोकून खोकून दमलो होतो.

मी जेठ, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं ज्याच्यासमोर थांबायचं नाही तो थोरला दीर. धाकट्या रतिलालची बायको धनुबाई अकरा वर्षांपूर्वी या घरात आली आणि त्या दिवसापासून मी उंबऱ्याबाहेर उभा राहून खोकतो. मी खोकलो की ती पदर हनुवटीपर्यंत ओढते, हातातलं काम टाकते आणि चुलीकडे आत जाते. मग मी घरात शिरायचं. पाणी प्यायला एक खोकला, टोपी घ्यायला दुसरा. तालुक्यात माझ्याइतका खोकलेला माणूस नसेल. एकदा माझ्या खोकल्यानं शेजारच्या दोधूची म्हैस दोरी तोडून थेट तापीपर्यंत गेली होती. दोधू नाही म्हणतो, पण दोधूचं काय ऐकायचं.

ती बिचारी दिवसभर कापूस वेचून यायची आणि माझ्या खोकल्यागणिक उठायची. तिची दया येऊन मी आत जाणंच कमी केलं. जेवण ओट्यावर, बसणं ओट्यावर, आणि हिवाळ्यात छातीत कळ. संध्याकाळी दिव्याशी घरच्यांसोबत बसावं, एवढंच मला हवं होतं. ते जमत नसेल तर रनाळे बरं.

त्या साली रतिलालनं सुरतेहून कॅरमचा बोर्ड आणला. तो नंदुरबारला कापसाच्या जिनात कारकून होता. मला बोर्ड बघताच युक्ती सुचली. चौघं खेळले तर समोरासमोरचे दोघं जोडीदार, आणि स्ट्रायकर उजवीकडं फिरत जातो. मी आणि धनुबाई समोरासमोर बसलो तर माझ्या हातून तिच्या हाती काहीच द्यावं लागत नाही, मध्ये एकीकडे रतिलाल, दुसरीकडे चौथा गडी. शिवाय जोडीदारानं जोडीदाराशी बोलायचं नाही असा खेळाचाच नियम. आमच्या रीतीला याहून सोयीचा खेळ कुठं मिळणार?

चौथा गडी म्हणजे रतिलालची लेक फुलवंता. नऊ वर्षांची. पंधरा दिवस मी तिला ओट्यावर शिकवलं. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकला पाहिजे. बोर्डाला कोपर लावायचं नाही. स्ट्रायकर खड्ड्यात पडला तर घेतलेली एक सोंगटी परत मध्ये ठेवायची. राणी घेतली तर लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घ्यायची, नाहीतर राणी परत मध्ये. पोरीचं बोट नाजूक, नख काळंनिळं झालं. तिला शिकवताना मला रोज दुपारी झोप यायची.

"आप्पा," तिनं एकदा विचारलं, "तुम्ही मारानी आगोदर का बरं खोकतस?"

आता काय सांगू? सवय होती. अकरा वर्षं काहीही करण्याआधी खोकायचं. पण खरं सांगून पोरीला कंटाळा कशाला आणायचा.

"नियमच शे तो," मी म्हणालो. "खोकल्याशिवाय स्ट्रायकर जागा होत नाही. सुरतेचे मोठे मोठे गडी आधी खोकतात, मग मारतात."

ती त्या दिवसापासून खोकू लागली. बारीक, गंभीर खोकला.

वेचणीच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवेलागणीला बोर्ड आत मांडला. रतिलाल नंदुरबारहून पायी आलेला, त्याचे डोळे मिटत होते. धनुबाई पदराआडून बोर्डाकडे बघत बसली. तिच्या बोटांना बोंडांनी चिरा पडल्या होत्या. घरात तिच्यासमोर बसायची माझी ती पहिलीच वेळ. मी खाली बघत होतो.

पांढऱ्या आमच्या. फोडणं माझ्याकडे. मी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला आणि खोकलो.

धनुबाई उठली आणि चुलीकडे निघून गेली.

"माय! कोठे चालनी? डाव चालू शे!" फुलवंता ओरडली.

ती परत येऊन बसली. मी एक पांढरी घेतली, पुढची चुकली. स्ट्रायकर पोरीकडे गेला. पोर खोकली. धनुबाई अर्धी उठली, थांबली, बसली. तिची पाळी आली तेव्हा फुलवंता म्हणाली, "माय, तू खोकली नही! फाऊल शे!" जेठासमोर खोकायचं? धनुबाईनं स्ट्रायकर तसाच नवऱ्याकडे सरकवला. रतिलाल हसायला लागला, हसता हसता त्याला जांभई आली.

पुन्हा माझी पाळी. मी खोकलो, ती उठली. या खेपेला भिंतीला हात टेकत उठली आणि तशीच बसली. मी आयुष्यात कुठली गोष्ट मागे घेतली नव्हती, म्हशीचीसुद्धा नाही. खोकला गिळून मारलं. स्ट्रायकर सरळ खड्ड्यात. घेतलेली पांढरी परत मध्ये.

"देखा! खोकलात नही ना!" फुलवंता म्हणाली.

"फुले," मी म्हणालो, "खोकल्याचा नियम नाही. मी थाप मारली होती."

पोर माझ्याकडे बघत राहिली. न खोकता तिनं एक काळी घेतली, मग राणी घेतली. पुढचा फटका हुकला.

"राणी मध्ये ठेव," रतिलाल म्हणाला.

"का ठेवू? ती बी थापच हुई." तिनं राणी मुठीत धरली. "कोपरनी बी थाप. रेघनी बी थाप. आप्पा सगळं खोटं सांगतस. मी नही खेळस."

"नाही गं, हे खरं आहे," मी म्हणालो.

"खोकला बी खराच व्हता."

रतिलालनं डोळे चोळले. तो नवखा, त्याला सगळे नियम मीच सांगितले असं मी समजत होतो, त्यात तो अर्धा झोपेत, तो काय ग्वाही देणार? मला वाटलं, संपलं. उठावं आणि ओट्यावर जावं. मी गुडघ्यावर हात टेकला.

"फुले." पदराआडून आवाज आला. एवढ्या वर्षांत तो आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. "राणीनं खरं शे. सुरतवाला कागद बोर्डसंगे व्हता, तुन्हा बापनी मले वाची दाखाडा. रेघनं बी खरं, कोपरनं बी खरं. खोकला तेवढा कागदवर नही."

फुलवंतानं मूठ उघडली. राणी मध्ये ठेवली.

"आणि आप्पासले सांग," धनुबाई लेकीकडे तोंड करून म्हणाली, "खोकू नका. मन्हा पायमा आते जीव नही. मी काही उठत नही."

"आप्पा, माय म्हनस..."

"ऐकलं," मी म्हणालो.

मग आम्ही खेळलो. धनुबाईनं पदराआडून नेम धरून दोन पांढऱ्या अशा घेतल्या की मला वाहवा म्हणायचं होतं, पण जोडीदारानं बोलायचं नाही. माझ्या पाळीला घसा खवखवायचा. मी गिळायचो. नेम एकही लागला नाही. शेवटी राणी पोरीनंच घेतली, या खेपेला मागोमाग काळीही, आणि आम्ही हरलो.

रतिलालनं सोंगट्या डब्यात भरल्या आणि नेहमीसारखा बोर्ड ओट्यावर न्यायला उचलला.

"आठेच ऱ्हाऊ दे," धनुबाई भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून म्हणाली. "सकाळले कोन आत लयी?"

रतिलालनं बोर्ड भिंतीला लावून ठेवला. मी ओट्यावरचं माझं घोंगडं आत आणलं, बोर्डाशेजारी अंथरलं आणि पाय पसरले.