दिव्यानीच्या नावाची निळी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी निळी चिठ्ठी आहे. टपाल खात्याचं आंतरदेशीय पत्र. मला पाकीट लागत नाही की वेगळं तिकीट लागत नाही. माझ्याच अंगावर लिहायचं, घड्या घालायच्या आणि कडा चिकटवायच्या. ऊर्जानगरच्या पोस्टात आमचा गठ्ठा कितीतरी दिवस पडून होता. हल्ली आम्हाला विचारतं कोण? म्हणूनच प्रफुलने मला मागितलं तेव्हा काउंटरवरच्या बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

प्रफुल तिथल्याच वीज केंद्रात फिटर. मूळ गाव नागभीडकडचं, घरची धानाची शेती. त्याची एकुलती एक बहीण दिव्यानी गडचिरोलीच्या जंगलात वनरक्षक आहे. तिने त्याचा फोन नंबर ब्लॉक केला होता, तेव्हा माझ्याशिवाय त्याला दुसरी वाटच नव्हती.

दिव्यानी लहानपणापासून शर्ट-पँट घालणारी, केस बारीक कापणारी, मनगटावर बापाचं मोठं घड्याळ बांधणारी. प्रफुलला तिची थट्टा करायची भारी खोड. "मिशीले तेल लाव वं," असं तो चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे, तीही हसल्यासारखं करायची. मग त्यांची आई बायनाबाई गेली. तिरडी उचलताना दिव्यानी खांदा द्यायला पुढे आली, तर हा भर अंगणात म्हणाला, "केस कापले म्हून पोरगा झाली का तू? हो मांगं." आईचं प्रेत दारात होतं तरी दोघं-चौघं हसलेच. दिव्यानी मागे सरली. त्याच दुपारी तिने गाडी काढली, ती पुन्हा घरी आली नाही.

अकरा महिन्यांनी प्रफुलने आईची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली कोरा चौकड्यांचा शर्ट निघाला, दिव्यानीच्या मापाचा. भाऊबीजेला तिला द्यायला आईने घेऊन ठेवलेला. तो हातात घेऊन प्रफुल लहान पोरासारखा रडला.

मला हात लावण्याआधी त्याने वहीत लिहून पाहिलं. त्याची बायको साक्षी स्पष्ट बोलणारी. तिने वाचलं आणि वही परत दिली.

"यात तीनदा 'पन' हाये. 'मी चुकलो, पन लोक काय म्हनले असते.' हे माफी नाई, वकिली हाये. आन् 'तुले राग आला असन तर' म्हंजे? आला नाई का तिले?"

प्रफुलने चार पानं फाडली. पाचव्यांदा लिहिलं ते माझ्यावर उतरलं. पेन इतकं दाबून चाललं होतं की मला दुखलं.

"दिव्यानी, मी तुह्या केसाले, कपड्याले, चालन्याले हसलो. वर्षोनवर्षं. तू हसत होती, म्हून तुले चालते असं मी समजून घेतलं, कारन ते मले सोईचं होतं. आईच्या दिवशी मी तुले मांगं सारलं. तुह्या हक्क होता. चूक माही, लोकायची नाई. तू जशी हाये तशीच राह्य, मले तुले बदलवाचं नाई. आईनं तुह्यासाठी शर्ट घेतला होता, या चिठ्ठीत काही घालू देत नाई, म्हून जपून ठेवला हाये. पुन्हा पह्यल्यापासून सुरुवात करू का? तू नाई म्हनली तरी मी समजून घेईन. जवाबाची घाई नाई. प्रफुल."

शिक्के खात, थैल्या बदलत मी आठव्या दिवशी जंगलातल्या नाक्यावर पोहोचले. दिव्यानी गस्तीहून परतली होती. तिने मला उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. वर्दीच्या खिशात ठेवलं. रोज काढायची, रोज वाचायची. माझ्या घड्या विरल्या. "तुह्या हक्क होता" या ओळीवरची शाई तर तिच्या डोळ्यांच्या पाण्याने पार पसरली.

तीन आठवड्यांनी तिने फोन लावला. "भेटली चिठ्ठी," ती म्हणाली. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. "थट्टा माफ केली, भाऊ. शर्ट पाठव, घालीन. पन आईले खांदा द्याचा राह्यला ना माह्या. तो कुठून आनून देशीन?"

मग फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "फोन करत जा. उचलीन का नाई, सांगत नाई."

आता रोज संध्याकाळी फोन वाजतो. कधी ती उचलते, जेवलास का एवढं विचारते. कधी वाजून वाजून बंद होईपर्यंत नुसती बघत बसते. त्या दिवशी मी खिशात असूनही मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, थट्टा करताना समोरच्याचं हसू नीट बघा. आणि माफी मागायची असेल तर आजच मागा. माझ्यासारख्या चिठ्ठ्या पोस्टात अजून मिळतात. आईची तिरडी मात्र एकदाच उठते.