वर चढलेली रेषा

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांनी दिलेला कागद पसरला, पट्टी काढली आणि माझा पारा चढला. आईचा कर्करोग पसरला होता. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते: औषधाचा आहे तोच डोस चालू ठेवायचा, नाहीतर दुप्पट करायचा. आहे त्या डोसनेच तिच्या पोटात पेज टिकत नव्हती. बाबांनी फारच पिच्छा पुरवला, तेव्हा डॉक्टरांनी एका लहानशा अभ्यासाचा हा आलेख छापून दिला. आडव्या अक्षावर डोस, उभ्या अक्षावर जगलेले महिने, एकवीस रुग्णांचे एकवीस ठिपके आणि त्यांतून चढत गेलेली रेषा.

बाबा जन्मभर पाण्याच्या पंपांचे इंजिनियर. पंपाचा वेग वाढवला की पाणी वाढतं, रेषा खोटं बोलत नाही. दुप्पट डोसवर पट्टी टेकवून त्यांनी आईची अडीच वर्षं वाचूनही ठेवली होती.

मी गुरुग्रामच्या ऑफिसात असलेच आलेख करते. सगळे ठिपके अंदाजाने लॅपटॉपवर उतरवले. वीस जण डावीकडे खाली दाटीने बसलेले, कमी डोसवाले आणि त्यातल्या त्यात जास्तवाले साधारण सारखेच जगलेले. एकटा एकविसावा दूर उजवीकडे, पार वर. तो काढला आणि रेषा जवळजवळ आडवी झाली. ती चढवली होती एकट्या त्याने.

बाबांनी कागदावरच्या त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पण तो माणूस जगला ना?"

"जगला. चार वर्षं. तो ठिपका चुकीचा नाही, बाबा. पण औषधाने जगला, की मुळात धडधाकट होता म्हणून एवढा डोस झेपला, ते यातून कळत नाही. पंप एकच असतो. इथे प्रत्येक ठिपका वेगळा माणूस आहे."

"मग आपली कुमुद कशावरून त्याच्यासारखी नाही?"

मला त्यांचा राग आला, कारण तोच प्रश्न मीही गिळून बसले होते.

आतल्या खोलीतून आईने हाक मारली. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला उलट्यांचे दिवस वाढवून नकोत. जेवढे आहेत तेवढे जरा शुद्धीत जाऊ देत."

डोस वाढवला नाही. दोन महिने ती गॅलरीत बसून चहा प्यायली, माझ्या मराठीच्या चुका काढून हसली, आणि गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा बाबा माझ्याशेजारी येऊन बसले. दुप्पट दिला असता तर, एवढंच त्यांनी विचारलं. नसता उपयोग झाला असं सांगितलं असतं तर ते त्या रात्री झोपले असते. पण आडवी रेषासुद्धा तसं सांगत नव्हती. तेवढ्या डोसपर्यंत गेलेला माणूस एकच होता.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून ठेवला.