नकाशे सरांची आकृती

नकाशे सर म्हणजे भूगोलाचा पेपर काढणारे सर. नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण पृथ्वीचा नकाशा हातानं काढायची त्यांना भारी हौस, म्हणून परीक्षा मंडळात सगळे त्यांना याच नावानं ओळखत. त्यांच्या समोर बसल्या होत्या कात्रीबाई. दृष्टिहीन मुलांसाठी पेपरातल्या आकृत्या काढून टाकायच्या आणि त्याच जागी शब्द लिहायचे, हे त्यांचं काम. आणि आज नकाशे सरांच्या लाडक्या आकृतीवरच त्यांची कात्री चालणार होती!

"हा प्रश्न सोडा हो बाई," सर म्हणाले. "आकृती गेली की प्रश्नही गेला. या मुलांना बाकीच्या प्रश्नांवरून सरासरी गुण देऊन टाकू, चार गुणांचा तर प्रश्न आहे."

कात्रीबाईंच्या कपाळावर आठी चढली. सरासरी गुण हा शब्द ऐकला की त्यांचं डोकंच फिरायचं. गेल्या वर्षी निकालानंतर एक दृष्टिहीन मुलगी थेट मंडळाच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या पेपरातून गाळलेल्या एका प्रश्नाचे असेच सरासरी गुण तिला मिळाले होते, भांडायला ती आलीच नव्हती. "बाई, तो प्रश्न मला येत होता. मग मला न विचारता फुकट गुण का दिलेत?" एवढंच विचारलं तिनं. त्या रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. या वर्षी एकही प्रश्न गाळू द्यायचा नाही, असं त्यांनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

"प्रश्न राहणार," त्या म्हणाल्या.

"मग आकृतीतली वाररेषा कशी दाखवणार? तिथे तुटक रेघ आहे. रेघ दिसली की मुलाला कळतं, इथे वार बदलतो. तुम्ही शब्दात 'मध्ये वाररेषा आहे' असं लिहिलंत तर उत्तरच फोडलंत. नाही लिहिलंत तर पोरं वार चुकणार. बोला!"

मुद्दा खरा होता, हेच तर दुखणं. आकृतीत जेवढं आहे तेवढंच शब्दात द्यायचं, रतीभर जास्त नाही आणि रतीभर कमी नाही, हा या कामाचा नियम. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मोठ्या बाई, म्हणजे या बैठकीच्या अध्यक्षा, घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "चार वाजता छापखान्याची गाडी येईल. तोवर ठरलं नाही तर प्रश्न गाळायचा. मला वाद नको."

कात्रीबाईंनी दार उघडून हाक मारली, "मास्तर, या हो जरा!"

मास्तर शेजारच्या खोलीत ब्रेलचे कागद तपासत होते. गणित शिकवणारे, जन्मापासून दृष्टिहीन आणि स्वभावानं महाखट्याळ. पांढरी काठी टेबलाला टेकवून ते खुर्चीत बसले. "काय ताई, पुन्हा कुणाचं काही कापलंत वाटतं?"

बाईंनी आपला मसुदा वाचून दाखवला. "क हे ठिकाण १६५ अंश पूर्व रेखांशावर आहे, ख हे १५० अंश पश्चिम रेखांशावर. क इथे रविवारी सकाळचे सहा वाजले आहेत, तर ख इथे स्थानिक वेळ आणि वार कोणता?" बस्स. वाररेषेचं नावही नाही.

नकाशे सर हाताची घडी घालून मागे रेलले. मास्तरांनी मान वर केली, ओठ हलवले आणि म्हणाले, "शनिवार, सकाळचे नऊ."

सर ताडकन पुढे आले. "बाई, तुम्ही यांना आधीच सांगितलं होतं!"

"शप्पथ घेते! मी यांना आज आत्ताच भेटतेय."

"मग वाररेषा न ओलांडता शनिवार आला कुठून?"

"सर, मी तिकडे गेलोच नाही," मास्तर म्हणाले. "पूर्वेचे १६५ उतरून शून्यावर आलो, तिथून पश्चिमेला १५० गेलो. एकूण ३१५ अंश. पंधरा अंशाला एक तास, म्हणजे एकवीस तास. पश्चिमेला गेलं की वेळ मागे. रविवारी सकाळी सहातून एकवीस तास काढा."

मोठ्या बाई बोटांवर मोजू लागल्या. "रविवारच्या सहातून सहा गेले की मध्यरात्र. उरले पंधरा. शनिवार मध्यरात्रीतून पंधरा मागे, म्हणजे सकाळचे नऊ. अगंबाई, जमलं की!"

"पण तो लांबचा रस्ता आहे!" सर तावातावानं म्हणाले. "ख हे क च्या पूर्वेला फक्त पंचेचाळीस अंशांवर आहे. तीन तास पुढे, म्हणजे नऊ, आणि वाररेषा पूर्वेकडे ओलांडली म्हणून एक दिवस मागे. माझ्या आकृतीत तर दोघं अगदी शेजारी शेजारी दिसतात. वाररेषेचा उल्लेख केला तरच चौथा गुण, असं मी गुणदानात लिहून ठेवलंय!"

म्हणजे अचूक उत्तर देऊनही मास्तरांना तीनच गुण. ही ग्यानबाची मेख कात्रीबाईंच्या तेव्हाच लक्षात आली. त्यांना राग आला, आणि पाठोपाठ एक खोडीही सुचली. आकृतीचा कागद टेबलावर उताणा पडला होता, तो त्यांनी हळूच ओढून आपल्या फायलीखाली सरकवला. सरांचं पेनही उचललं.

"सर, एक गंमत करू. तुम्ही तीस वर्षं शिकवताय, तुम्हाला काय अवघड? डोळे मिटा. प हे १५० अंश पूर्व, फ हे १३५ अंश पश्चिम. प इथे सोमवारी सकाळचे आठ वाजलेत. फ इथे?"

"हे काय पोरखेळ," म्हणत सरांनी डोळे मिटले, कारण मोठ्या बाई बघत होत्या. मग हवेत बोटानं रेघा ओढू लागले. "तीस आणि पंचेचाळीस, पंच्याहत्तर. पाच तास. पूर्वेला पुढे. सोमवार, दुपारचा एक!"

मास्तरांनी घसा खाकरला. "सर, मंगळवार तरी म्हणाला नाहीत, बरं झालं."

सरांनी डोळे उघडले. त्यांचा हात कपाळावर आपटला. "अरे, वाररेषा! रविवार, रविवार! दुपारी एक, रविवार!" त्यांचा चेहरा पार उतरला. "नकाशा समोर असला की रेघ दिसते हो. नसली की ध्यानातच येत नाही."

"आणि आमच्या मुलांना तुम्ही तेवढ्यासाठीच गाळत होता," कात्रीबाई म्हणाल्या. आवाजात चेष्टा होती, पण डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

सरांनी आपलं पेन मागून घेतलं. गुणदानातली ओळ खोडली आणि मोठ्यानं वाचत नवी लिहिली, "वाररेषा ओलांडून किंवा मूळ रेखावृत्तावरून मोजून, कोणत्याही योग्य रीतीनं वार काढल्यास पूर्ण गुण." मग म्हणाले, "हे सगळ्यांच्याच पेपराला लागू करा. लांबच्या रस्त्यानं आलेल्या डोळस पोरांचाही गुण मी उगाच कापत होतो."

मोठ्या बाईंनी सही केली. प्रश्न राहिला, चारही गुणांसकट.

कात्रीबाईंनी फायलीखालून आकृती काढून सरांना परत दिली, पण गप्प बसतील तर त्या कात्रीबाई कसल्या? "सर, शब्दांवर भागतंय म्हटल्यावर डोळस मुलांना तरी ही आकृती कशाला? त्यांच्याही पेपरातून काढून टाकू की!"

सरांनी आकृती दोन्ही हातांनी छातीशी धरली. "अहो, मुलं गोंधळतील!"

"राहू द्या ताई," मास्तर अगदी मायेनं म्हणाले. "डोळ्यांची सवय लागलेली मुलं ती, त्यांना सवलत नको का द्यायला?"