पर्यवेक्षकाची सही

रुग्णालयात त्यांना सगळे टेस्टरबाई म्हणत. पद विद्युत अभियंत्याचं, पण खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुणी चेष्टेनं हाक मारली तरी त्या ओ देत.

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाची सगळी वायरिंग बदलायची होती. निविदा दोनच आल्या. पहिली एका जुन्या ठेकेदाराची. त्याला सगळे शेठ म्हणत आणि रुग्णालयातले निम्मे वॉर्ड त्यानेच उजळले होते. दुसरी एका नव्या फर्मची. आधी कागदपत्रांचे लिफाफे उघडायचे, जो पात्र ठरेल त्याचाच दरांचा लिफाफा उघडायचा, असा नियम. कागदपत्रं तपासून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहिण्याचं काम टेस्टरबाईंचं.

शेठचा परवाना खरा होता. मुदत संपायला अजून पाच महिने होते. परवाना कार्यालयाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला, तर ‘वैध’ असा शेरा आला. सोबत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र होतं आणि ‘मी या फर्ममध्ये पूर्णवेळ काम करतो’ असं त्याचं संमतीपत्र, मागच्या महिन्याच्या तारखेचं. त्यावरची सही अशी झोकदार, की शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळावं.

बाईंनी प्रमाणपत्रावरची जन्मतारीख बघितली. माणूस सत्तरीला आलेला. सत्तरीतही माणसं कामं करतात, पण या शेठच्या कुठल्याच कामावर हा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. परवाना ठेकेदाराच्या नावाचा असला तरी तो उभा असतो पर्यवेक्षकाच्या जिवावर. काम त्याच्या देखरेखीखाली व्हायचं, चाचणी त्याने घ्यायची, अहवालावर सही त्याची. तोच नसेल तर परवाना म्हणजे नुसता कागद.

त्यांनी संमतीपत्रावर दिलेला मोबाइल लावला.

“हो हो, मीच बोलतोय, शेठकडेच आहे,” पलीकडून तरणाबांड आवाज आला.

“जन्मसाल काय हो तुमचं?”

फोन कट झाला.

प्रमाणपत्रावर घरचा पत्ता होता. जेवणाच्या सुट्टीत त्या रिक्षाने निघाल्या.

पत्त्यावर पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. भिंतीला उघड्या मोटारी टांगलेल्या. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ डाव्या हाताने तांब्याची तार गुंडाळत होते. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

बाईंनी ओळख सांगून संमतीपत्राची प्रत पुढे धरली. काकांनी चष्मा वर सरकवला, वाचलं आणि हसायलाच लागले.

“अगं, इकडे ये!” त्यांनी आत हाक मारली. “बघ, माझा हात बरा झाला! मलाच पत्ता नाही!”

काकू हात पुसत बाहेर आल्या. “काय झालं?”

“मागच्या महिन्यात मी उजव्या हाताने सही केली म्हणे. चार वर्षं चमचा उचलता येत नाही मला.” मग त्यांचं हसू मावळलं. “बाई, त्याला सोडून अडीच वर्षं झाली. पक्षाघातानंतरही मी कामावर जात होतो, डोळे आणि डोकं शाबूत होतं. एका शाळेचं पॅनेल होतं. अर्थिंगची चाचणी न घेताच त्याने अहवाल पुढे केला. म्हणाला, अंगठा उठव. मी म्हटलं, आधी मीटर लाव. तो म्हणाला, मग घरी बस. बसलो.”

“परवाना कार्यालयाला कळवलं होतं?”

काकांनी खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. राजीनाम्याचं पत्र, कार्यालयाच्या आवक शिक्क्यासह. पत्र पोहोचलं होतं, पण नोंद कुणी केली नव्हती. म्हणून संकेतस्थळावर शेठ अजून वैध.

“माझ्याबरोबर कार्यालयात याल?”

“हे बघा,” काकू मध्येच बोलल्या, “त्या माणसाची पोहोच मोठी आहे. आपलं म्हणजे हात दाखवून अवलक्षण व्हायचं.”

“अगं, हात तर त्यानेच दाखवलाय. तोही खोटा!” काका उठले. “चप्पल दे माझी.”

परवाना कार्यालयातल्या कारकुनाने आधी ‘उद्या या’ म्हटलं. काका समोरच्या बाकावर बसले. “उद्यापर्यंत इथेच बसतो. चहा घेणार का?” शेवटी फाइल निघाली. पत्र तिच्यात होतं, दोन वेगळ्याच कागदांना टाचलेलं. अधिकाऱ्याने ते वाचलं, काकांचा जबाब घेतला, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. संध्याकाळी कार्यालय बंद होताना बाईंच्या हातात लेखी उत्तर होतं: सदर फर्मकडे अडीच वर्षांपासून पर्यवेक्षक नाही, त्या तारखेपासून परवाना स्थगित.

दुसऱ्या दिवशी निविदा समिती बसली. अध्यक्षपदी अधीक्षक, शेजारी लेखाधिकारी. समोरच्या खुर्च्यांवर शेठ आणि नव्या फर्मची मालकीण.

“बाई, उरका,” अधीक्षक म्हणाले. “मी स्वतः ऑनलाइन बघितलंय. वैध आहे.”

“काल संध्याकाळपर्यंत होता साहेब. आता बघा.”

अधीक्षकांनी बघितलं. चेहरा उतरला. बाईंनी लेखी उत्तर आणि संमतीपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

शेठ गोड हसला. “ताई, एवढंसं कारण! म्हातारा विसराळू आहे. नवा पर्यवेक्षक उद्या हजर करतो. मग झालं?”

“नाही झालं. निविदा भरली त्या दिवशी तुमच्याकडे पर्यवेक्षक नव्हता. पात्रता त्या दिवसाची बघायची. उद्याची नाही.”

“इतकी वर्षं मीच दिवे लावलेत इथे.”

“तेच आता एकेक करून तपासणार आहे.”

शेठचं हसू गेलं. “तुम्हाला नोकरी करायची आहे ना इथे?”

“करायची आहे. म्हणूनच तर करतेय.”

अधीक्षकांनी आवाज खाली आणला. “बाई, समजून घ्या. शेरा जरा मऊ लिहा. ‘कागदपत्रांची पूर्तता करून घ्यावी’, एवढंच.”

“साहेब, त्या खोलीत काचेच्या पेटीत मूठभर वजनाची बाळं असतात. रडायलाही त्यांना ताकद नसते. मऊ शेरा तुम्ही लिहा, खाली तुमची सही करा. मी लगेच बाहेर जाते.”

लेखाधिकाऱ्यांनी घसा खाकरला आणि आपली खुर्ची अधीक्षकांपासून वीतभर लांब घेतली. साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि कागद बाईंकडे सरकवला.

त्यांनी लिहिलं: अपात्र. पर्यवेक्षक नाही, परवाना स्थगित, संमतीपत्रावरील सही बनावट. शेठचा दरांचा लिफाफा न उघडता परत देण्यात आला. बनावट पत्र साहेबांनी कारवाईसाठी पाठवलं, नाइलाजाने का होईना, पण पाठवलं. जाताना शेठने दार इतक्या जोरात आपटलं की शिपाई धावत आला.

मग बाईंनी नव्या फर्मच्या मालकिणीकडे वळून विचारलं, “तुमचा पर्यवेक्षक कुठे आहे?”

ती दचकली. “साइटवर. कागद दिलेत की.”

“कागद पाहिलेत. आता माणूस बघायचाय. साइटचा पत्ता द्या.”

पत्ता मिळाला. पण त्या निघण्याआधीच शिपायाने मेमो आणून दिला. परवानगीशिवाय कार्यालय सोडून अर्धा दिवस बाहेर गेल्याबद्दल खुलासा करावा.

टेस्टरबाईंनी उभ्या उभ्याच त्याच कागदाच्या मागे लिहिलं: ‘गेले होते. तपासणीसाठी गेले होते. आत्ताही जात आहे.’ खाली सही ठोकली, कागद शिपायाच्या हातात दिला आणि जिन्याकडे चालू लागल्या.